ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम : सिकलसेलच्या रुग्णातील वक्षविकार आणि त्यावरील तीन उपाय

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे पहिले शास्त्रीय वर्णन शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी 1910 साली प्रसिद्ध केले. ज्या तरुणाच्या रक्तात त्यांना कोयत्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी आढळल्या, तो ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल होता. रुग्णालयात तो ज्या तक्रारी घेऊन आला त्यांत खोकला आणि ताप होते, आणि 1916 साली मायदेशी त्याचा जो अंत झाला त्याचे कारण न्यूमोनिया असे नोंदले गेले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ सिकलसेलच्या रुग्णाच्या छातीत दुखू लागले, ताप आला आणि क्ष-किरणचित्रात फुफ्फुसावर छाया दिसली, की कोणी त्यास न्यूमोनिया म्हणे, कोणी फुफ्फुसाच्या भागाचा रक्तपुरवठा तुटून झालेला नाश म्हणे. आणि या दोहोंत भेद करण्याचे खात्रीचे साधन रुग्णशय्येजवळ कोणापाशीच नव्हते. 1979 साली सॅम्युएल शाराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वाद तूर्त बाजूस ठेवून, कारणाचा निर्देश न करणारे ‘ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम’ हे नाव सुचविले. या लेखात त्याचा उल्लेख सोयीसाठी तीव्र वक्षविकार असा केला आहे.

आज रूढ असलेली व्याख्या अशी, की फुफ्फुसाच्या निदान एका संपूर्ण खंडिकेवर क्ष-किरणचित्रात नवी छाया दिसावी आणि तिच्याबरोबर ताप, छातीतील वेदना, खोकला, धाप, घरघर किंवा रक्तातील प्राणवायूची घट यांपैकी काही लक्षणे असावीत. ही व्याख्या कारणाबाबत मौन पाळते. उपचारांविषयी आजवर जे मतभेद चालू आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ या मौनात सापडते. कारण एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रक्रियांचे रुग्ण येतात आणि त्या सर्वांना प्राणवायू, रक्त व प्रतिजैविके हेच तीन उपाय दिले जातात.

भारतात सिकलसेल 1952 साली निलगिरीतील आदिवासींत प्रथम नोंदला गेला, आणि 1958 साली नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी विदर्भातील आढळ शास्त्रीय जगापुढे मांडला. विदर्भाचे जिल्हे, सातपुड्यातील भिल्ल-पावरा वस्त्या आणि गडचिरोलीचा गोंड-माडिया मुलूख येथे हा रोग घरोघरी परिचित आहे. आपल्याकडील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण पुष्कळदा अधिक राहते, म्हणून येथील रोग सौम्य असतो असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. परंतु मध्य भारतातील बालरुग्णांच्या पाहणीने तो सरसकट खरा नसल्याचे दाखविले, आणि वक्षविकाराने अत्यवस्थ झालेले रुग्ण आपल्या जिल्हा रुग्णालयांनाही अपरिचित नाहीत.

कारणांचा शोध

कारणांविषयीचे आपले आजचे ज्ञान मुख्यत्वे एका अमेरिकन पाहणीवर उभे आहे. एलियट विचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी 30 केंद्रांतील 538 रुग्णांच्या 671 प्रसंगांचा अभ्यास करून 2000 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वासनलिकेत दुर्बीण घालून स्राव काढणे, जंतूंची कसून तपासणी करणे, पेशींत चरबीचे कण शोधणे असे जे जे त्या काळी शक्य होते ते सर्व त्यांनी केले. तरीही एकूण प्रसंगांपैकी अवघ्या 38 टक्क्यांत निश्चित कारण हाती लागले, आणि ज्यांच्या साऱ्या तपासण्या पूर्ण झाल्या होत्या त्यांच्यात हे प्रमाण 70 टक्क्यांपर्यंत गेले. सापडलेले जंतू 27 प्रकारचे होते, आणि त्यांत क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा व श्वसनमार्गाचे विषाणू हे अग्रभागी होते. ज्या न्यूमोकोकसच्या भीतीने पूर्वी उपचार ठरत, तो तुलनेने मागे पडलेला दिसला.

जंतुसंसर्गाखेरीज दुसरे मोठे कारण चरबीच्या कणांचे. हाडांतील मगजाचा रक्तपुरवठा तुटला म्हणजे तेथील पेशी मरतात, त्यांतील चरबी शिरांवाटे फुफ्फुसात जाते, आणि तेथे फॉस्फोलायपेज नावाच्या विकराच्या क्रियेने तिच्यापासून मुक्त मेदाम्ले सुटून फुफ्फुसाचे नाजूक अस्तर जाळतात. म्हणूनच मांडी, पाठ किंवा कंबर यांच्या तीव्र वेदनेने दाखल झालेल्या रुग्णाची छाती दोन-तीन दिवसांनी बिघडते. उपर्युक्त पाहणीतील जवळजवळ निम्मे रुग्ण प्रथम दुसऱ्याच कारणासाठी, बहुधा वेदनेसाठी, दाखल झालेले होते. तिसरी प्रक्रिया फुफ्फुसातच वाकड्या पेशी अडकण्याची, आणि चौथी प्रत्यक्ष रक्ताची गुठळी होण्याची. फ्रान्समधील 2011 च्या एका अभ्यासात प्रौढांच्या सुमारे 17 टक्के प्रसंगांत सी.टी. चित्रणात फुफ्फुसधमनीत गुठळी दिसली, पण ती या विकाराचे कारण की परिणाम, हे अद्याप ठरलेले नाही.

या सर्व वाटा अखेर एका दुष्टचक्रात येऊन मिळतात. फुफ्फुसाचा भाग निकामी झाला की रक्तातील प्राणवायू घटतो. प्राणवायू घटला की सिकल हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून पेशी ताठर होतात. ताठर पेशी फुफ्फुसाच्या सूक्ष्म वाहिन्या आणखी बुजवितात आणि प्राणवायू अधिकच उतरतो. फासळ्यांच्या वेदनेमुळे रुग्ण पुरता श्वास घेत नाही, मॉर्फिनसारखी औषधे श्वास मंदावतात, आणि शिरेवाटे दिलेले जादा सलाईन फुफ्फुसात झिरपते, या तिन्ही गोष्टींनी चक्रास गती मिळते. वेदनेच्या रुग्णास ‘पाणी कमी पडू नये’ म्हणून सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या लावण्याची आपल्याकडील सवय या दृष्टीने घातक आहे. जो रुग्ण तोंडाने पाणी पितो त्यास शरीराच्या नित्य गरजेहून अधिक द्रव देण्याचे कारण नाही.

प्राणवायू

तीन उपायांपैकी प्राणवायूविषयी मतभेद सर्वांत कमी आहेत, पण ते अगदीच नाहीत असे नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन मार्गदर्शिकांचा सूर असा, की बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरील आकडा 95 टक्क्यांच्या आसपास वा वर राखावा. या आकड्यामागे तुलनात्मक चाचणीचा आधार नाही. दुष्टचक्र तोडण्याचा तर्क आणि अनुभव एवढाच त्याचा पाया आहे.

अडचण मोजण्यात आहे. सिकल हिमोग्लोबिन प्राणवायूस निरोगी हिमोग्लोबिनाइतके घट्ट धरून ठेवीत नाही, त्यामुळे कित्येक रुग्णांचा निरामय अवस्थेतील आकडाही 93 किंवा 94 असतो. असा रुग्ण 92 वर आला तर तो त्याच्यासाठी किरकोळ फरक. परंतु ज्याचा नित्याचा आकडा 98 आहे तो 92 वर आला तर ती संकटाची सूचना होय. नित्याचा आकडा ठाऊक नसलेल्या वैद्याला या दोघांत भेद करता येत नाही. शक्य असेल तेथे धमनीतील रक्त काढून प्राणवायूचा दाब प्रत्यक्ष मोजावा, असा तज्ज्ञांचा आग्रह याच कारणास्तव आहे.

दुसरा प्रश्न अतिरेकाचा. रक्तातील प्राणवायू पुरेसा असताना केवळ वेदनेसाठी नळी लावून ठेवल्यास मूत्रपिंडातून येणारा एरिथ्रोपोएटिनचा संदेश मंदावतो आणि नव्या तांबड्या पेशींची निर्मिती घटते, हे 1984 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. तेव्हा गरज असेल तितका द्यावा आणि गरज संपताच काढावा, हे सूत्र सर्वमान्य झाले आहे. उच्च वेगाने दिलेला प्राणवायू किंवा मुखवट्यावाटे दिलेला दाब यांनी कृत्रिम श्वसनयंत्राची पाळी टळते काय, याचे उत्तर मात्र अजून अपुरे आहे.

या विभागातच एका साध्या उपकरणाचा उल्लेख केला पाहिजे. 1995 साली बेलेट आणि सहकाऱ्यांनी छाती किंवा पाठीच्या वेदनेने दाखल झालेल्या 8 ते 21 वर्षे वयाच्या रुग्णांना, जागेपणी दर दोन तासांनी स्पायरोमीटरच्या नळीतून दहा दीर्घ श्वास घ्यावयास लावले. असे केलेल्या 19 प्रसंगांत फुफ्फुसाची नवी गुंतागुंत एकदाच झाली. न केलेल्या 19 प्रसंगांत ती आठ वेळा झाली. तीन गोट्या वर उडविणारी ती प्लॅस्टिकची नळी आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर सर्रास दिली जाते आणि औषधाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. या साऱ्या क्षेत्रात इतक्या अल्प खर्चात इतका लाभ दाखविणारी दुसरी चाचणी माझ्या वाचनात नाही.

रक्त देणे

मुख्य वाद येथे आहे. रक्त दिल्याने प्राणवायू सुधारतो हे विचिन्स्कींच्या पाहणीत दिसले आणि रुग्णशय्येजवळ रोज दिसते. परंतु कोणास द्यावे, केव्हा द्यावे, आणि नुसते भरावे की बदलावे, या तीन प्रश्नांची उत्तरे बव्हंशी तज्ज्ञांच्या मतावर अवलंबून आहेत. नुसते भरणे म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याच्या तांबड्या पेशींची भर घालणे. बदलणे म्हणजे रुग्णाचे रक्त काढून त्या जागी दात्याच्या पेशी देणे. 2014 च्या अमेरिकन शिफारशीप्रमाणे, हिमोग्लोबिन नित्याच्या पातळीहून एक ग्रॅमपेक्षा अधिक उतरले असेल तर नुसते रक्त भरावे. आणि प्राणवायू देऊनही ऑक्सिमीटरचा आकडा 90 च्या खाली राहिला, धाप वाढत गेली, छाया पसरत गेली किंवा रक्त भरूनही हिमोग्लोबिन उतरत राहिले, तर तातडीने रक्त बदलावे. 2020 साली अमेरिकन रक्तविज्ञान संस्थेने गंभीर प्रसंगी बदलण्याच्या बाजूने कौल दिला, पण त्याबरोबर पुराव्याची खात्री अत्यल्प असल्याचेही प्रामाणिकपणे नमूद केले.

या शिफारशींचा व्यवहारातील अर्थ ध्यानी यावा म्हणून उदाहरणादाखल एक रुग्ण कल्पू. धडगाव तालुक्यातील 19 वर्षांचा, 45 किलो वजनाचा तरुण मांड्यांच्या आणि कंबरेच्या वेदनेने दाखल होतो. त्याचे नित्याचे हिमोग्लोबिन 8.4 ग्रॅम, ऑक्सिमीटरचा आकडा 97, पहिले क्ष-किरणचित्र निर्मळ. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यास ताप येतो, श्वासाची गती मिनिटास 28 होते, आकडा 91 वर येतो, आणि उजव्या बाजूस तळाशी श्वासाचा ध्वनी बदललेला ऐकू येतो. हिमोग्लोबिन 6.9 वर घसरले आहे, आणि दाखल होताना 2 लाख 60 हजार असलेल्या प्लेटलेट्स 1 लाख 40 हजारांवर आल्या आहेत. ही शेवटची बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. वस्तुतः प्लेटलेट्स दोन लाखांखाली येणे हे श्वसन निकामी होण्याचे आणि मेंदूच्या उपद्रवाचे पूर्वचिन्ह असल्याचे विचिन्स्कींच्या पाहणीने दाखविले होते. दुसरे क्ष-किरणचित्र त्याच सकाळी काढले असता छाया कदाचित पुसटच दिसेल, कारण चित्र लक्षणांच्या मागून येते. ती स्पष्ट दिसेपर्यंत थांबणे म्हणजे एक दिवस गमावणे होय.

येथे किलोमागे दहा मिलिलिटर, म्हणजे 450 मिलिलिटर तांबड्या पेशी, सुमारे दोन पिशव्या, देणे युक्त ठरते. त्यायोगे हिमोग्लोबिन नऊच्या आसपास येईल. सिकल हिमोग्लोबिनचा वाटा आरंभी 80 टक्के धरला, तर तो आता साठीच्या घरात उतरेल, तीसच्या खाली जाणार नाही. तरीही प्राणवायू वाहण्याची क्षमता वाढल्याने बहुतेक रुग्ण एवढ्यावरच सावरतात. सायंकाळपर्यंत श्वासाची गती उतरली आणि आकडा 95 वर स्थिरावला तर येथेच थांबावे. रात्रीत गती 36 वर गेली आणि डावी बाजूही भरली, तर रक्त बदलण्याची तजवीज करून सिकल हिमोग्लोबिनचा वाटा तीस टक्क्यांखाली आणावा लागेल.

आता याच तरुणाच्या जागी नित्याचे हिमोग्लोबिन 11 असलेला आणि आज 10.6 वर आलेला रुग्ण कल्पिला, तर दोन पिशव्या नुसत्या भरल्याने तो साडेबारावर जाईल. ताठर पेशींनी भरलेले एवढे दाट रक्त मेंदूच्या वाहिन्यांत अडखळून पक्षाघात होऊ शकतो. म्हणून भरल्यानंतर हिमोग्लोबिन दहाच्या वर जाऊ देऊ नये हा दंडक आहे, आणि अशा रुग्णाची प्रकृती ढासळत असेल तर आरंभापासून बदलणे हाच मार्ग उरतो. आपल्याकडील कित्येक रुग्णांचे हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा अधिक असते, सबब हा प्रसंग आपल्याकडे विरळा नाही.

रक्त बदलण्याचे स्वयंचलित यंत्र मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांतच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी हाताने बदलणे शक्य आहे: एका शिरेतून ठरावीक माप रक्त काढावे, सलाईनने रक्तदाब सांभाळावा, मग तांबड्या पेशी द्याव्यात आणि हा क्रम पुन्हा करावा. यंत्राने अधिक रुग्ण वाचतात असे सिद्ध झालेले नाही. वेळ मात्र निश्चित वाचतो. हाताने बदलणाऱ्याने प्रत्येक फेरीनंतर हिमोग्लोबिन पाहिले नाही, तर नकळत त्याचे बदलणे भरण्यातच जमा होते.

रक्त मुक्तहस्ते द्यावे असे म्हणणाऱ्यांस दुसरा पक्ष प्रतिपिंडांची आठवण करून देतो, आणि ती रास्त आहे. दात्याच्या पेशींवरील परकी चिन्हे ओळखून रुग्णाचे शरीर प्रतिपिंडे बनविते. पुढील खेपेस जुळणारे रक्त मिळणे कठीण होते, आणि क्वचित आठवडाभराने दिलेल्या पेशींबरोबर रुग्णाच्या स्वतःच्याही पेशी फुटून तो पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेस पोहोचतो. म्हणून ए-बी-ओ आणि डी यांपलीकडे सी, ई व केल ही चिन्हेही जुळवावीत अशी शिफारस आहे. विचिन्स्कींच्या पाहणीत असे जुळवून रक्त दिल्यावर नव्या प्रतिपिंडांचे प्रमाण अवघे एक टक्का राहिले. हे जुळविणे आपल्या ग्रामीण रक्तपेढ्यांत अद्याप अपवादात्मकच आहे.

रक्ताने हा विकार आधीच टाळता येईल काय, या प्रश्नावर दोन सूचक पुरावे आहेत. फॉस्फोलायपेज वाढलेल्या वेदनाग्रस्त रुग्णांवरील 2007 च्या एका लहान चाचणीत रक्त दिलेल्या सातांपैकी एकासही वक्षविकार झाला नाही. न दिलेल्या आठांपैकी पाचांस झाला. आणि शस्त्रक्रियेपूर्वी रक्त द्यावे की नाही हे पाहणारी, 2013 साली प्रसिद्ध झालेली युरोपीय चाचणी, रक्त न दिलेल्यांत मुख्यतः वक्षविकाराचेच गंभीर प्रसंग वाढल्यामुळे मुदतीआधी थांबवावी लागली. पहिली चाचणी इतकी लहान की तिच्यावर धोरण बेतता येत नाही. दुसरीने मात्र शस्त्रक्रियेपूर्वीचा प्रघात निश्चित केला.

प्रतिजैविके

प्रत्येक रुग्णास प्रतिजैविके द्यावीत यावर जगभर एकमत आहे, आणि तरीही या एकमतामागे एकही यादृच्छिक तुलनात्मक चाचणी नाही, हे कॉक्रेन समीक्षकांनी वारंवार नमूद केले आहे. तर्क असा, की जंतुसंसर्ग आहे की नाही हे पहिल्या तासांत कळत नाही, या रुग्णांची पानथरी बालपणीच निकामी झालेली असते, आणि विचिन्स्कींच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मृत्यूंत संसर्गाचा हात होता. प्रचलित जोडी शिरेवाटे सेफॅलोस्पोरिन आणि तोंडावाटे ॲझिथ्रोमायसिनसारखे मॅक्रोलाइड अशी आहे. पहिले न्यूमोकोकससाठी, दुसरे क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा यांच्यासाठी, कारण त्यांच्यावर सेफॅलोस्पोरिनची मात्रा चालत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, बालकांच्या रुग्णालयात दाखल होण्याच्या 14 हजारांहून अधिक नोंदी तपासणाऱ्या अमेरिकन अभ्यासात ही जोडी मिळालेली मुले महिन्याभरात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण कमी दिसले. हा नोंदींचा अभ्यास आहे, चाचणी नव्हे. तरी दुसरे औषध विसरू नये एवढे त्यातून निश्चित निघते.

आपल्याकडे तीन बाबी अधिक लक्षात ठेवाव्या लागतात. सेफ्ट्रिॲक्सोनमुळे सिकलसेलच्या मुलांत क्वचित अकस्मात रक्तपेशी फुटून प्राणघातक पंडुरोग झाल्याच्या नोंदी आहेत. इंजेक्शननंतर काही मिनिटांत रुग्ण पांढराफटक पडला आणि लघवी काळपट झाली तर ते औषध तत्क्षणी बंद करून पुन्हा कधीही देऊ नये. आणि छाया दोन आठवड्यांनंतरही ओसरली नाही तर क्षयाचा शोध घ्यावा. पावसाळ्यात ताप व उतरलेल्या प्लेटलेट्स पाहून मलेरिया आणि डेंग्यू यांची तपासणी केल्याशिवाय सारे खापर वक्षविकारावर फोडू नये.

अनिर्णित राहिलेले

स्टिरॉइडचा प्रश्न रेंगाळतो आहे. 1998 च्या एका चाचणीत डेक्सामेथासोन दिलेल्या मुलांचा रुग्णालयातील मुक्काम कमी झाला, पण औषध थांबताच वेदना उलटून काहींना परत यावे लागले. म्हणून दम्याची जोड असल्याखेरीज ते देऊ नये असा सध्याचा कल आहे. नायट्रिक ऑक्साइड वायूपासून मोठी अपेक्षा होती. ती फ्रेंच चाचणीत पुरी झाली नाही. हायड्रॉक्सियुरियाने मात्र वक्षविकाराचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर येतात हे 1995 च्या अमेरिकन चाचणीपासून निर्विवाद आहे.

आपल्या राज्यापुरते पाहता, गंभीर नसलेल्या प्रसंगी लवकर रक्त भरल्याने पुढचे बदलणे टळते काय, आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असलेल्या आपल्या रुग्णांना अमेरिकन उंबरठे जसेच्या तसे लागू पडतात काय, या दोन प्रश्नांची उत्तरे नागपूर, नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या ठिकाणच्या रुग्णांवरील चाचण्यांतूनच मिळू शकतील. तोवर जे विनाविलंब करता येण्याजोगे आहे ते करावे. वर आलेला प्रत्येक निर्णय रुग्णाच्या स्वतःच्या नित्याच्या आकड्यांशी तुलना करूनच होतो, आणि मध्यरात्री नव्या रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णापाशी तेच आकडे नसतात. तेव्हा सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाच्या ओळखपत्रावर, तो बरा असताना मोजलेले हिमोग्लोबिन, ऑक्सिमीटरचा आकडा, रक्तातील सी, ई व केल यांची चिन्हे आणि पूर्वी आढळलेली प्रतिपिंडे या चार बाबी नोंदविण्याची तरतूद आरोग्य खात्याने करावी, आणि रुग्णाच्या घरच्यांनी ते पत्र प्रत्येक खेपेस बरोबर न्यावे.